७५ टक्क्यांची रेषा: सिंगापुरात आमसुलं वाळवताना

कोकमाच्या कुठल्याही घरगुती कृतीत एक वाक्य हमखास असतं: "साली कडक उन्हात आठ दिवस वाळवाव्यात." हे वाक्य कुडाळ किंवा सावंतवाडीतल्या अंगणात बसून सांगितलेलं आहे. तुम्ही ते पुंगोल किंवा क्लेमेंटीतल्या अकराव्या मजल्यावर वाचता, परातीत साली पसरता, आणि चौथ्या दिवशी दिसतं की साली अजून ओल्याच आहेत. सहाव्या दिवशी त्यांच्यावर पांढरी लव असते. ऊन तर पडत होतं, मग चुकलं कुठे?

ह्या लेखात आपण त्याच प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत. २ किलो रातांबे हाती आले, तर त्यातून आमसुलं आणि अमृत कोकम (म्हणजे साखरेचं सिरप) सिंगापूरच्या हवेत कसं करायचं, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत दोन्ही कसं टिकवायचं, ते एकेक पायरी करून पाहू. त्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवायचा आहे. तो म्हणजे ७५.

आधी नावं

घरात ही नावं ऐकलेली असतात, पण कशाला काय म्हणायचं ह्यात गोंधळ होतो. झाडावरचं पिकलेलं लाल-जांभळं फळ म्हणजे रातांबा. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवली की तिचं आमसूल होतं, गोव्यात तेच सोल. गर आणि मीठ ह्यांतून सुटलेला खारट-आंबट रस म्हणजे आगळ. सोलकढी खरी त्यातूनच करतात. आणि सालींना साखर लावून जो पाक सुटतो, ते अमृत कोकम. त्यात पाणी घातलं की कोकम सरबत.

झाडाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. त्याची दोन भावंडं तुम्हाला सिंगापुरात रोज भेटतात. मँगोस्टीन हे एक. दुसरं म्हणजे आसाम गेलुगोर. त्याच्या वाळवलेल्या चकत्या ‘आसाम केपिंग’ नावाने ओल्या बाजारात आणि सुपरमार्केटात मिळतात, आणि आसाम पडासमधला आंबटपणा बऱ्याचदा त्यांचाच असतो. मँगोस्टीनच्या सालीचं आमसूल होत नाही, ती कमालीची तुरट असते. आसाम केपिंग मात्र आमटीत चालतं. आंबटपणा येतो, कोकमाचा तो लाल रंग तेवढा येत नाही.

हवा पाणी परत देते

आता ७५ कडे येऊ. साधं मीठ घ्या आणि वेगवेगळ्या दमट हवेत ठेवा. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर मीठ कोरडं राहतं. ७५ च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि शेवटी त्यातच विरघळतं. मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत आपल्याकडे आहे ती ह्याचमुळे. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार थोडे जास्त असतात, त्यामुळे ते ७५ च्या थोडं खालीच ओलसर व्हायला लागतं.

सिंगापूरची वर्षाची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आहे. पण सरासरी इथे फसवी ठरते. पहाटे ती नव्वदीच्या पुढे असते आणि कोरड्या दुपारी साठीच्या आसपास उतरते. म्हणजे एकाच दिवसात हवा ७५ ची रेषा दोनदा ओलांडते. सकाळी खाली येते, संध्याकाळी वर जाते.

तुमच्या साली मिठात भिजलेल्या आहेत. दुपारी त्या पाणी सोडतात. रात्री परात तशीच बाल्कनीत राहिली, तर त्यातलं बरंचसं पाणी त्या परत पितात. आठ दिवस उलटतात, पण खरं वाळणं दोन-तीन दिवसांइतकंच होतं. दरम्यान बुरशीला हवी असलेली ओल आणि ऊब दोन्ही मिळत राहतात.

इथे तुम्ही म्हणाल, की कोकणातली मे महिन्यातली हवा तरी कुठे कोरडी असते? बरोबर आहे, किनाऱ्यावर चांगलीच दमट असते. फरक उन्हाच्या तासांचा आणि जमिनीचा आहे. तिथे मे महिन्यात दिवसभर स्वच्छ ऊन असतं, खाली तापलेला कातळ किंवा सारवलेलं अंगण असतं, वर वारा असतो. ऊन हवेतलं पाणी काढून घेत नाही. ते साल आणि तिच्या लगतची हवा तापवतं, आणि तापलेल्या हवेत जास्त पाणी मावतं. ३१ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा काहीही न काढता नुसती ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांवर येते. तापलेल्या कातळावर हेच होत असतं.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पारंपरिक पद्धतीत दिवसा साली वाळवतात आणि रात्री त्या रसात भिजत ठेवतात. असं चार-पाच वेळा करतात, म्हणजे रसाचे पुट चढवतात. रात्री वाळणं होणारच नसतं, तेव्हा तो वेळ मुरवण्यासाठी वापरला जातो. ही युक्ती सिंगापुरातही लागू पडते, पण मापात. प्रत्येक पुटासोबत सालीत पाणी पुन्हा जातं, आणि इथे ते बाहेर काढणं महाग पडतं. म्हणून इथे दोन पुट पुरेत.

ऊन कुठून आणायचं

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पावसाच्या तोंडाशी संपतात. सिंगापुरात हेच दोन महिने दोन मॉन्सूनच्या मधले. सकाळ बऱ्याचदा स्वच्छ असते, आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येतो. त्यामुळे तुमच्या उपयोगाचं ऊन साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन एवढंच धरा. पूर्वेकडची खिडकी किंवा बाल्कनी असेल तर उत्तम. पश्चिमेची असेल तर दुपारी ऊन कडक मिळेल, पण ढगांशी शर्यत लावावी लागेल. शहर विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेलं आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर तेव्हा भिस्त ठेवू नका.

परात खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर अजिबात ठेवायची नाही. उंचावरून वस्तू पडणं इथे गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आतल्या बाजूला, जमिनीवर किंवा स्टुलावर ठेवा. खाली काळा बेकिंग ट्रे आणि त्यावर जाळी असेल तर ट्रे तापतो आणि हवा खालूनही फिरते. साली थेट ट्रेवर टेकवू नका, आम्ल आणि मीठ मिळून धातू खातात. स्टीलवरसुद्धा काही दिवसांत बारीक डाग पडतात. जाळी प्लॅस्टिकची, बांबूची किंवा सिलिकॉनची घ्या. वर मलमलचं कापड बांधा, कारण साळुंक्या धीट असतात.

मुंग्यांसाठी आजी स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. इथे ते करू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि त्याची तपासणी घरोघर होते. पायांना व्हॅसलिनचं जाड वळं फिरवलं की मुंग्या चढत नाहीत.

२ किलो रातांब्यांचा हिशोब

आता प्रत्यक्ष करू. सुट्टीवरून येताना कुणी रातांबे आणणार असेल, तर सिंगापूर फूड एजन्सीचे फळं आणण्याबाबतचे चालू नियम आधी पाहून घ्या. पिकलेला रातांबा चार-पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, त्यामुळे पोहोचल्याच्या दिवशीच कामाला लागायचं. खालचे आकडे साधारण आहेत, फळानुसार थोडे मागेपुढे होतील.

२ किलोत साधारण ६० फळं येतात. मऊ पडलेली, चिरलेली, देठाशी काळी झालेली बाजूला काढा. बाकीची धुवा, पुसा, आणि पंख्याखाली दोन तास पसरून ठेवा. फळ बाहेरून कोरडं होणं दोन्ही पदार्थांसाठी महत्त्वाचं आहे, विशेषतः सिरपसाठी. मग प्रत्येक फळ आडवं कापून दोन वाट्या करा आणि चमच्याने बिया-गर काढा. हातमोजे घाला, नाहीतर बोटं दोन दिवस जांभळी राहतील. आता तुमच्यासमोर साधारण १ किलो साली आणि १ किलो गर-बिया आहेत. सालींचे दोन भाग करा: ५०० ग्रॅम आमसुलांसाठी, ५०० ग्रॅम अमृत कोकमासाठी.

आमसुलं: पाच दिवस

गर-बियांत १०० ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या दहा टक्के, घालून काचेच्या भांड्यात नीट ढवळा. तीन-चार तासांत रस सुटतो. चाळणीने गाळून घ्या, बिया दाबून रस काढा. साधारण अर्धा लिटर मिळेल. ५०० ग्रॅम साली ह्या रसात बुडवा, भांडं झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

पहिल्या दिवशी सकाळी साली अर्धा तास निथळत ठेवा. रस टाकू नका, तो परत फ्रिजमध्ये. साली जाळीवर एकेरी पसरा, आतली बाजू वर. पाठीवरची साल गुळगुळीत आणि मेणचट असते, तिच्यातून पाणी हळू निघतं. आतला मांसल भाग उन्हाकडे असला पाहिजे. दोनच्या सुमारास, किंवा ढग दिसताच, आत आणा. आता एसीच्या खोलीत पंख्याखाली ठेवा. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर सोडतो, त्यामुळे त्या खोलीतली आर्द्रता बहुतेक वेळा ७५ च्या खाली असते. संध्याकाळपर्यंत साली लोळागोळा झालेल्या, पण चिकट वाटतील. वजन ३८० ग्रॅमच्या आसपास.

रात्री दुसरा पुट. त्याच रसात पुन्हा बुडवा, पुन्हा फ्रिज. दुसऱ्या दिवशी हेच सगळं परत. संध्याकाळी वजन ३०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. इथून पुढे रस बंद. उरलेला रस गाळून बाटलीत भरा. हे तुमचं आगळ. मीठ आणि आम्ल दोन्ही असल्यामुळे फ्रिजमध्ये काही महिने चांगलं राहतं.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी ऊन, दुपारी पंखा. आणि रात्री, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, साली झाकणाच्या घट्ट डब्यात. बाल्कनीत नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघड्याही नाहीत. डब्यात एक फायदा आणखी होतो. सालीच्या मधलं पाणी रात्रभरात पृष्ठभागाकडे सरकतं, सकाळी साली थोड्या मऊ वाटतात, आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी उन्हाला सहज मिळतं.

पाचव्या दिवशी वजन १९० ग्रॅमच्या आसपास असेल, आणि बहुतेक घरात ते तिथेच अडेल. दोन दिवस वजन बदलत नाही म्हणजे वाळलं, असं आपल्याला वाटतं. पण वजन थांबलं ह्याचा अर्थ एवढाच, की साल आणि तुमच्या खोलीतली हवा ह्यांच्यात तडजोड झाली. हवा ७० टक्क्यांची असेल तर साल तेवढीच ओली राहणार. शेवटचं पाणी काढायला हवा तापवावी लागते, आणि इथे सिंगापूरच्या उन्हाची हद्द संपते.

म्हणून शेवटचे दोन-तीन तास ओव्हन. ५० अंश, पंखा चालू, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवलेली, म्हणजे वाफ बाहेर जाईल. डिहायड्रेटर असेल तर तोही चालेल. ६० च्या वर जाऊ नका. जास्त उष्णतेत दोन गोष्टी बिघडतात. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा असतो, ती उष्णतेने तपकिरी होत जातात. आणि सालीचा वरचा थर पटकन कडक होतो, आतलं पाणी अडकून बसतं. बाहेरून टणक आणि आतून ओलं आमसूल हे सगळ्यात फसवं, कारण ते बोटाला वाळलेलं लागतं आणि बरणीत महिन्याभराने बुरशी धरतं. शेवटी वजन १६०-१७० ग्रॅम, म्हणजे सुरुवातीच्या एक तृतीयांश.

सगळंच ओव्हनमध्ये का नाही करायचं? करता येतं. पण पुट मुरायला जो वेळ लागतो तो मिळत नाही, आणि १२ तास ओव्हन चालवण्याचं बिल मोठं येतं. उन्हाने जे फुकट होतं ते त्याला करू द्या.

झालं हे कसं ओळखायचं

आमसूल कुरकुरीत व्हायला नको. ते चामड्यासारखं हवं. दुमडलं तर दुमडावं, मोडू नये, आणि चिमटीत जोरात दाबलं तर ओल बाहेर येऊ नये. एक जाड साल कापून पाहा. मधोमध ओलसर चकाकी दिसली तर अजून एक तास.

खरी परीक्षा मात्र बरणीची. गार झालेली आमसुलं काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर आतून धुकं दिसलं, किंवा काल कोरडी असलेली आमसुलं एकमेकांना चिकटली, तर ती परत ओव्हनमध्ये. दहा-बारा डॉलरला मिळणारा छोटा आर्द्रतामापक असेल तर तो बरणीत ठेवा. बंद बरणीतली हवा काही तासांत आमसुलांच्या ओलीशी जुळते. आकडा ६५ च्या खाली असेल तर बुरशीची काळजी जवळजवळ संपली. ७५ च्या जवळ असेल तर मीठ ओलं आहे, आणि ती बरणी वर्ष काढणार नाही.

अमृत कोकम: इथे ऊन लागतच नाही

सिरपची कृती सांगताना लोक बरणी उन्हात ठेवायला सांगतात. उन्हाचं काम तिथे फक्त साखर लवकर विरघळवणं एवढंच असतं. सिंगापूरचं स्वयंपाकघर तसंही ३० अंशांवर असतं. उलट प्रकाशाने रंग फिका होतो. त्यामुळे बरणी कपाटात ठेवा.

प्रश्न आहे तो साखरेच्या मापाचा. ५०० ग्रॅम सालीत साधारण ४०० ग्रॅम पाणी असतं. साखर ते पाणी बाहेर ओढते आणि त्यात विरघळते. सालीएवढीच, म्हणजे ५०० ग्रॅम साखर घातली, तर पाकात साखरेचं प्रमाण जेमतेम ५५ टक्के होतं. यीस्टला हे आवडतं, आणि आठवड्याभरात बुडबुडे सुरू होतात. ७५० ग्रॅम घातली तर ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचतो, म्हणजे अगदी काठावर. १ किलो, म्हणजे सालीच्या दुप्पट, घातली तर पाक संपृक्त होतो आणि टिकतो. "आम्हाला गोड कमी आवडतं" म्हणून साखर कमी करायची असेल, तर ती पेल्यात करा, बरणीत नको. बरणीतली साखर चवीसाठी कमी आणि राखणीसाठी जास्त असते.

बरणी उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करा. तळाशी साखर, मग सालींच्या वाट्या उताण्या, त्यात साखर, पुन्हा साली, असे थर लावा. सगळ्यात वर साखरेचा जाड थर. आणि तोंडाला कापड बांधू नका, झाकण लावा. कारण पुन्हा तेच. असा पाक साधारण ८५ टक्क्यांहून दमट हवेतलं पाणी ओढतो, आणि इथली पहाट रोज त्याच्या वर असते. पाकाचा वरचा थर पातळ झाला की यीस्ट तिथूनच आत शिरतं.

दिवसातून दोनदा बरणी तिरकी करून फिरवा, म्हणजे वरच्या साली भिजत राहतील. सात-आठ दिवसांत साली आकसतात आणि साखर बहुतेक विरघळते. तळाशी थोडी उरली तरी हरकत नाही. कोकमातलं आम्ल हळूहळू साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, आणि हे मिश्रण साध्या साखरेपेक्षा जास्त विरघळतं. म्हणून उरलेली साखर पुढच्या आठवड्यात आपोआप जाते. मग गाळून घ्या. साधारण १ लिटर सिरप मिळेल. गाळलेल्या साली फेकू नका, पंख्याखाली सुकवून मुलांना खायला द्या, किंवा चटणीत घाला.

जिरेपूड आणि मीठ सरबत करताना घालायचं, सिरपमध्ये नाही. कोरड्या मसाल्यासोबत बुरशीचे बीजाणू येतात, आणि ते वर्षभर आत ठेवायचं काही कारण नाही.

वर्षभराची मांडणी

सिरप १ लिटरच्या एकाच बाटलीत भरू नका. चार लहान बाटल्या करा. एक वापरात, तीन फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये जागा नसेल तर सिरप ८० अंशांपर्यंत तापवून, दोन-तीन मिनिटं तिथे ठेवून, गरम असतानाच उकळलेल्या बाटल्यांत काठोकाठ भरा आणि अंधारात ठेवा. रंग किंचित उतरेल, पण टिकेल. काही महिन्यांनी फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे कण दिसले तर ते बिघडणं नव्हे, थंडीत साखर कमी विरघळते एवढंच. मात्र झाकण उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले, दारूसारखा वास आला, तर ते आंबलं. वरून साखर घालून ते सुधारत नाही. आणि आंबणारी काचेची बाटली घट्ट बंद ठेवू नका, ती फुटू शकते.

आमसुलांचेही दोन भाग करा. महिन्याभराची लहान बरणीत, बाकी फ्रीजरमध्ये घट्ट पिशवीत. मोठी बरणी रोज उघडली, की दर वेळी बाहेरची हवा आत जाते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पावसात ती हवा दिवसाही ७५ च्या वर असू शकते. फ्रीजरमधली पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. तासभर तशीच राहू द्या. गार आमसुलांवर इथली हवा लागली की दंव धरतं, आणि पाच दिवसांचं काम पाच मिनिटांत ओलं होतं. बरणीचं झाकण धातूचं असेल तर आतून बेकिंग पेपर लावा, नाहीतर ते गंजून आमसुलांवर उतरतं. ‘टिकावं म्हणून’ वरून मीठ भुरभुरायची सवय इथे सोडून द्या. ते मीठच आधी पाणी पितं.

मध्येच आमसुलांवर पांढरं दिसलं तर घाबरू नका, आधी तपासा. एक आमसूल वाटीभर पाण्यात टाका. मीठ असेल तर ते विरघळून जातं. बुरशी असेल तर ती तंतूंसारखी, मऊ दिसते, पाण्यात विरघळत नाही आणि वास कोंदट येतो. बुरशी निघाली तर ती बरणी पूर्ण टाकायची, वरची दोन काढून बाकीची ठेवायची नाहीत. रंग मात्र कालांतराने लालजांभळ्याचा काळपट होणारच. त्यात दोष नाही. जुनं काळं आमसूल आमटीत तितकंच आंबट असतं, सोलकढीला मात्र रंग कमी देतं. म्हणून आगळ आणि नवी आमसुलं सोलकढीसाठी आधी वापरा, आमटीची वेळ नंतर.

आता वर्षाचा हिशोब लावा. ५०० ग्रॅम सालीतून साधारण ६० आमसुलं झाली. एका आमटीला तीन-चार, म्हणजे १५ ते २० आमट्या. १ लिटर सिरप, पेल्याला ४० मिलिलिटर, म्हणजे २५ पेले. दोन माणसांच्या घरात हे महिन्याला दोन पेले आणि दीड आमटी इतकं पडतं. त्याहून जास्त हवं असेल, तर पुढच्या मे महिन्यात ४ किलो आणायला सांगा. पण मग साली एकेरी पसरायला चार ट्रे लागतील, तेवढी पूर्वेची खिडकी आपल्याकडे आहे का ते आधी मोजून घ्या.